गाडी, जेवली का?

मेसेज आला तेव्हा मी दोरीवरचे कपडे झटकत होते. वणीत कपडे वाळले की आधी झटकावे लागतात, नाहीतर कोळसा अंगावर घेऊन फिरावं लागतं. फोन कमरेला खोचलेला होता. काढून बघितलं तर माझ्या भावाचा, रामसिंगचा मेसेज. लिहिलं होतं, "वाई, गाडी वाट पाहून राहिली. घेऊन जा."

माझं डोकंच फिरलं. हातातली पॅन्ट तिथंच टाकली आणि मोठ्यानं म्हणाले, "पाहा! मले गाडी देऊन राह्यला! माहं तोंड बंद कराले गाडी देऊन राह्यला!"

आमचे देवीलाल, म्हणजे माझे यजमान, खाणीवर कोळशाचा टिप्पर चालवतात. दिवसा घरी असले तर झोपलेलेच असतात. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "कोन देऊन राह्यला? देत असन तर घेऊन टाक ना." आणि कूस बदलली. या माणसाशी भांडायचं म्हणजे आधी त्याला उठवावं लागतं.

त्या गाडीचं सांगायला हवं, नाहीतर माझा राग कळायचा नाही.

रामसिंगची काळी-पिवळी जीप होती. दारव्हा ते दिग्रस, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. त्याचा आवाज असा की दारव्ह्याच्या स्टँडवर तो "दिग्रस, दिग्रस, दिग्रस" ओरडला की यवतमाळला निघालेला माणूसही घटकाभर विचारात पडायचा, आपण दिग्रसलाच तर जायचं नाही ना? आमचा तांडा त्याच रस्त्याला लागून आहे. आम्ही बंजारा, आईला याडी म्हणतो. आमची याडी लालीबाई, बरीच म्हातारी आणि गेल्या काही वर्षांत दोन्ही डोळ्यांनी अधू. डॉक्टर म्हणाले होते, आता ऑपरेशन करूनही उपयोग नाही, उशीर झाला. तिचा दिवस रामसिंगच्या आवाजावर चालायचा. संध्याकाळी जीप दाराशी यायची, इंजिन धडधडत असतानाच तो आतूनच ओरडायचा, "याडी, जेवली का?" ती म्हणायची, "आधी ते इंजन बंद कर. तुले याडीपरीस गाडी प्यारी." हे रोजचं. तो गाडी पुसत बसला की ती हेच म्हणायची, गाडीची गोष्ट सांगत बसला की हेच. अख्ख्या तांड्याला ते वाक्य पाठ होतं. (घरात आम्ही गोरमाटी बोलतो, पण ती सगळ्यांना कळायची नाही, म्हणून आमचं बोलणं मी वऱ्हाडीत सांगते आहे.)

मग त्याचा घसा बसला. आधी सर्दी म्हणाला, मग धूळ म्हणाला. बिडी आणि तंबाखूचा खर्रा यांचं नाव काही त्याने काढलं नाही, कारण ते दोन्ही न खाण्या-पिण्याची शपथ याडीने त्याला पोहरादेवीच्या देवळात नेऊन घातली होती. शेवटी नागपूरला दाखवलं तेव्हा स्वरयंत्र काढण्यावाचून दुसरा इलाज राहिला नव्हता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात गेले आणि म्हणाले, "भिया, तुहं हे सारं निस्तरेपर्यंत याडीले मी वणीले घेऊन जातो. भोजाईनं कोनाकोनाचं करावं?" भिया म्हणजे भाऊ, आणि भोजाई म्हणजे वहिनी, भागीरथा. साधी गोष्ट होती. तर हा फाटक्या आवाजात म्हणाला, "याडी कुठी जानार नाही." मी म्हणाले, "तुले कायले पाह्यजे याडी? तू आपली गाडी घेऊन बस." दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज गेला. माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते राहिलं, आणि माझं त्याला ऐकवलेलं हे.

तेव्हापासून मी तांड्यावर गेले नव्हते. आणि आता हा म्हणतो, गाडी वाट पाहते आहे, घेऊन जा.

शेजारच्या कहकशांने माझं ओरडणं ऐकलं असणार. ती कुंपणापाशी आली. उर्दू शाळेत शिकवते, तिसरी-चौथीच्या पोरांच्या वह्या घरी आणून तपासते, आणि माझा राग हा आपल्याच घरचा कुकर असल्यासारखी शिट्टी झाली की बघायला येते.

"काय झालं भाभी?"

"वाच," म्हणून मी फोन तिच्या हातात दिला.

तिने वाचलं आणि आधी विचारलं, "ये वाई कोण?"

"मी. बाई लिहितो तो, त्याचा फोन वाई करते. आमच्यात बहिणीले बाई म्हनते."

मग तिने वरचे जुने मेसेज बघायला सुरुवात केली, आणि मी तिला ते एकेक करून सांगत गेले. रामसिंग सातवीपर्यंत शिकलेला, अक्षर चांगलं. पण फोनवरची ती बारकी बटणं त्याच्या जाड बोटांना सापडत नाहीत, आणि चाळिशीचा चश्मा तो लावत नाही. म्हणून नागपूरच्या वॉर्डातल्या कोणीतरी त्याच्या फोनवर हाताने लिहायची पाटी चालू करून दिली. खाली एक मोकळा चौकोन येतो, त्यात बोटाने अक्षर काढायचं, थोडं थांबलं की फोन आपण काढलेली रेघ पुसतो आणि त्याला जे समजलं ते वर छापतो. त्या चौकोनात रामसिंग टोलेजंग अक्षरं काढतो. वर काय छापलं ते त्याला दिसत नाही. मी म्हटलं, कागदावर लिहून फोटो पाठव. त्याने एकदा पाठवला, त्यात फक्त त्याचा अंगठा होता.

ऑपरेशननंतर त्याचा पहिला मेसेज आला तो असा: "वाई, मेले बरं हाय. काळजी वाहून करते." मेले बरं! मी रडत नागपूरला भोजाईला फोन लावला. ती म्हणाली, "नाही ना बाई, तो तर चहा पिऊन राह्यला नळीनं." बिचारीला वाचता येत नाही, म्हणून तो लिहितो ते फक्त मलाच येतं. घरात बायको वाचू शकत नाही, आई बघू शकत नाही. या एवढ्या जगात माझ्या भावाचं वाचणारी मी एकटीच. आणि मी ही अशी, आधी भडकायचं आणि मग वाचायचं.

कहकशांने तो मेसेज दोनदा वाचला. "भाभी, हे तुम्ही डोळ्यांनी वाचता. तोंडानं वाचा. तुमच्या भाईच्या तोंडानं."

"म्हंजे?"

"मेले बरं हाय. तो काय बोलला असता?"

मी बोलून बघितलं आणि मला आपोआप कळलं. मले बरं हाय. काळजी काहून करतं. मले हा शब्द फोनला ठाऊकच नाही. त्याला ठाऊक आहे मला, मेले, मळे. काहून, म्हणजे का, म्हटलं की त्याला वाटतं वाहून.

"माझी पोरंपण असंच लिहितात," कहकशां म्हणाली. "नुक्ता, म्हणजे टिंब सुटतो, शोशा, म्हणजे अक्षराचा दात सुटतो. मग मी काय करते, आधी त्या पोराचा चेहरा आठवते. तो काय म्हणणारा पोरगा आहे? मग वाचते. चूक नंतर काढते. ह्या फोनला चेहरा आठवत नाही ना. तो पुस्तक शिकून आलाय. तुम्ही लिहिलं की तो पुस्तकात जवळचा कोणता शब्द आहे ते बघतो, आणि तोच तुमच्या नावावर खपवतो."

"बरं. मग ह्यात काय खपवलं? गाडी तर गाडीच हाय. पुस्तकात बी गाडी, तांड्यावर बी गाडी."

"काय माहीत," म्हणत तिने माझ्याच फोनवर ती लिहायची पाटी चालू केली. "लिहून बघा."

मी बोटाने गाडी लिहिलं. फोनने गाडी छापलं. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे बघितलं. मग उगाच, नेमकं का ते मला आजही सांगता येत नाही, मी याडी लिहिलं. माझं बोट उचललं गेलं, रेघ क्षणभर तशीच दिसली, मग पुसली गेली आणि वर आलं: गाडी. त्याच्या बाजूच्या पट्टीत फोनने आणखी पर्याय ठेवले होते. वाडी. साडी. याडी त्यात नव्हतंच.

मी परत लिहिलं, यचं पोट चांगलं फुगवून. गाडी. परत लिहिलं. वाडी. मी कुंपणाला धरून उभी राहिले.

"याडी काय आहे?" कहकशांने विचारलं.

"आई," मी म्हणाले.

मीच मग तोंडाने वाचलं, रामसिंगच्या तोंडाने. बाई, याडी वाट पाहून राह्यली.

आता राहिलं घेऊन जा. कहकशां म्हणाली, तेही जपून घ्या, य आणि घ मध्ये फरक तो किती. मी नुसतं येऊन लिहिलं तर नीट आलं. पण आधी गाडी असताना त्यापुढे लिहिलं आणि माझा य जरा घाईत आवळला गेला, की फोनने झटकन घेऊन केलं. गाडी म्हटल्यावर पुढे घेऊन जा हेच येणार, असं त्याच्या डोक्यात. म्हणजे रामसिंगने लिहिलं असेल, याडी वाट पाहते आहे, येऊन जा. किंवा लिहिलं असेल, याडी वाट पाहते आहे, तिला घेऊन जा. किंवा खरंच गाडी असेल आणि मी उगाच रडते आहे.

मी त्याला बोलून आवाजाचा मेसेज पाठवला, "गाडी की याडी? नीट सांग."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "गाडी."

"बघा," मी म्हणाले. तेवढ्यात आणखी एक आलं: "आपली गाडी."

त्यावर माझी शंका फिटली. त्या जीपला रामसिंग आयुष्यात कधी आपली म्हणाला नव्हता. माही गाडी, माही गाडी. टायर बदलला तरी माहा टायर. आपली म्हणावी अशी त्याच्या-माझ्यात एकच गोष्ट होती.

मी आत जाऊन देवीलालना हलवलं. "मी तांड्यावर चालले. डाळ करून ठेवली हाय."

"गाडी आनाले?" त्यांनी विचारलं.

"झोपा तुम्ही."

वणीहून यवतमाळ आणि यवतमाळहून दारव्ह्यावरून दिग्रसकडे, दोन्हीकडे एसटी. बोंडअळी आली त्याला आता चार-पाच वर्षं होत आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी उभी, पण अर्ध्या बोंडांची तोंडं उघडलीच नव्हती. काही जणांनी उपटून ढीग घातले होते. माझ्या शेजारी बसलेला म्हातारा खिडकीतून बघत म्हणाला, "वरून चांगली दिसते पाह्य. फोडून पाह्यल्याबिगर समजत नाही." मी हो म्हणाले, पण माझं लक्ष येऊन आणि घेऊन या दोन शब्दांत अडकलं होतं. घेऊन जा असेल तर मी जिंकले होते, नागपूरला हेच तर मागत होते. मग मनाला ते का टोचत होतं? कारण रामसिंग याडीला सोडायला तयार झाला असेल, तर त्याचं काय झालं असेल, याची मला धास्ती वाटत होती.

तांड्याच्या तोंडाशी उतरले तर समोर जीप. अगदी दाराशी, तोंड रस्त्याकडे करून, काच पुसलेली, टपावर ताडपत्री बांधलेली. खरोखर कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी. मी स्वतःलाच म्हटलं, सत्यभामा, तू आणि तुझी ती मास्तरीण, दोघींनी मिळून फोनला वेड्यात काढलं. गाडी ती गाडीच होती.

भागीरथा भोजाई धावत आली आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. मला ओसरीच्या मागे ओढत नेलं आणि कानात सांगितलं, "तुहा आवाज आयकन. हळू बोल. याडीले काही मालूम नाही."

"काय मालूम नाही?"

"काहीच नाही. तुह्या भियाचं काहीच नाही."

मग तिने पदराने तोंड पुसत सगळं सांगितलं. रामसिंगने ऑपरेशनला जाताना तिच्याकडून वचन घेतलं होतं. याडीला सांगायचं, रामसिंग कापसाच्या व्यापाऱ्याची गाडी घेऊन हैदराबादकडे गेला, उशिरा येईल. शपथ मोडली हे तिला कळू द्यायचं नव्हतं. परत आल्यावरही त्याने ते सोडलं नाही. आंधळी माणसं हाताने बघतात. याडीने चेहऱ्यावरून हात फिरवला असता तर तो गळ्यावर गेला असता, आणि गळ्याला श्वासाचं भोक होतं. म्हणून आपल्याच घरात हा माणूस लपून राहत होता. दिवसभर तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायचा, तिच्या खाटेपासून दोन हातांवर, आणि हूं की चूं करायचा नाही. चूं करायला काही उरलंही नव्हतं म्हणा. जीप चालू केली तर तिला कळेल म्हणून जीपही बंद.

"आन ती?"

"ती रस्त्यावरच्या एकेका गाडीचं इंजन आयकते. म्हनते, रामसिंगची नाही. आता तर जेवनच सोडलं. म्हनते, तो येऊन इचारन तवा जेवीन."

आतून आवाज आला, बारीक, पण माझ्या याडीचाच. "भागीरथा, गाडी आली का व?"

"नाही याडी," भोजाई म्हणाली.

मी दारापाशी गेले. रामसिंग उंबऱ्यावर बसला होता. वाळून निम्मा झालेला, गळ्याला लहान मुलाच्या लाळेऱ्यासारखं पांढरं फडकं बांधलेलं, आणि श्वास घेतला की ते फडकं हलत होतं. मला बघून त्याचं तोंड उघडलं, आवाज काही आला नाही. मी त्याच्या शेजारी बसले. त्या क्षणी मला कोणाचाही राग आला नाही. माझ्या बाबतीत हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

त्याने मांडीवरचा फोन घेतला आणि माझ्यासमोर लिहायला लागला. पहिल्यांदाच मी त्याचं बोट बघत होते. छापलेलं नाही, बोट. मोठा, भरदार य. त्याला काना. मग डी. त्यात शंकेला जागाच नव्हती, पहिलीतल्या पोरानेही याडी वाचलं असतं. रेघ पुसली गेली आणि वर गाडी आलं. त्याला ते दिसलं नाही, तो पुढे लिहीत राहिला. पुढचा शब्द. मी श्वास रोखून बघत होते. आडवी रेघ, खाली वळण, मग आत आणखी एक वळण, आणि मग दांडा. घ. चांगला दोन वळणांचा घ. घेऊन जा.

तर हा शब्द फोनने बिघडवलेला नव्हता. हा माणूस आपली आई मला देऊन टाकत होता. त्याच्या उंबऱ्यावर बसून त्याचीच वाट बघत ती उपाशी मरेल, त्यापेक्षा ती माझ्याकडे जाऊन जगावी, इतकंच त्याला हवं होतं. मी नागपूरला जे मागितलं होतं ते त्याने टोलेजंग अक्षरात लिहून माझ्यासमोर धरलं होतं.

मी फोन हातात घेतला आणि त्याच्या कानाशी हळूच वाचून दाखवलं, "याडी वाट पाहून राह्यली, येऊन जा. हे पाह्य भिया, आली ना मी."

त्याने जोरजोरात मान हलवली. माझ्या हातातून फोन घेतला आणि पुन्हा घ काढला, आणखी मोठा.

"य हाय हा," मी तशीच कुजबुजत म्हणाले. "मले वाचता येते. दहावी पास हाय मी." आणि फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "ती कुठी जानार नाही. तूच म्हनला होतास ना?"

त्याने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने गळ्याच्या फडक्याने नाही, बाहीने पुसलं.

कहकशांने निघताना मला आणखी एक दाखवलं होतं. भाषांतराचं अ‍ॅप असतं, त्यात मराठी लिहिलं आणि खालच्या कर्ण्याच्या चित्रावर बोट ठेवलं की फोन ते बोलून दाखवतो. स्वयंपाक करताना शाळेचे लांबलचक मेसेज ती तसेच ऐकते. मी रामसिंगच्या फोनवर ते उघडलं, हाताने लिहायची पाटी आणली आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"लिही. रोज काय इचारत होतास तिले?"

त्याने मान हलवली. नाही. गळ्यावर हात ठेवला.

"कळन तिले. कळू दे. शपथेचं मी पाहून घेतो. लिही."

बराच वेळ त्याचं बोट त्या चौकोनावर नुसतं टेकून राहिलं. आत याडीने कूस बदलली, खाट करकरली. मग त्याने लिहिलं. याडी, जेवली का? मी बोट बघितलं, एकही रेघ चुकली नव्हती. आणि वर छापलं गेलं ते तेच, नेहमीचं. मी ते दुरुस्त करणारच होते, पण रामसिंगचं बोट आधीच त्या कर्ण्यावर पडलं होतं.

फोन बोलला. शहरातल्या बाईचा स्वच्छ, गुळगुळीत, सुशिक्षित आवाज. "गाडी, जेवली का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या दिवसांनी लेक बोलला, तो परक्या बाईच्या आवाजात, आणि वर आईला गाडी म्हणाला.

"कोन बाई आली व?" याडीने विचारलं.

रामसिंगने घाबरून परत बोट ठेवलं, आणि ती सुशिक्षित बाई परत म्हणाली, "गाडी, जेवली का?"

याडी उठून बसली. भिंतीला धरून, सावकाश. मान वाकडी करून ती ऐकत राहिली, जशी रस्त्यावरची इंजिनं ऐकायची तशी. फोन गप्प होता. ऐकू येत होता तो रामसिंगचा श्वास, गळ्यातून येणारा, शिट्टीसारखा.

"आला का रे?" ती म्हणाली. "तोंडात आजून गाडीच का?"

रामसिंग तिच्याकडे गेला की सरपटला, मला सांगता येणार नाही. त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिचे हात त्याच्या केसांवरून कपाळावर आले, कपाळावरून गालांवर, हनुवटीवर. भोजाईने डोळे मिटून घेतले. हात खाली गेले आणि त्या फडक्यावर थांबले. तिने ते बोटाने जरासं उचललं. तिच्या बोटांना त्याचा श्वास लागला असणार.

"इथून श्वास घेत होता का तू," ती म्हणाली. "मी म्हनलं, उंबऱ्यावर बसते कोनतरी रोज. श्वास तर माह्या रामसिंगचा. बोलत काहून नाही? मग म्हनलं, रुसला असन माह्यावर. शपथ घातली म्हून रुसला असन. बोलन तवा बोलन."

म्हणजे तिला ठाऊक होतं. तो तिथे आहे हे ठाऊक होतं, आणि तो रुसला आहे असं समजून ती त्याची समजूत पटण्याची वाट बघत होती. रोजचं ते गाडी आली का विचारणं उंबऱ्यावरच्या त्यालाच ऐकू जावं म्हणून होतं. आपल्यापासून लपवलं, आपल्याला फसवलं, असं एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. मी तर एका घ वरून महाभारत केलं असतं.

"भागीरथा," याडी म्हणाली, "बाटी आन. अन त्याले बी आन, त्याले जमते ते आन."

भोजाई चुलीकडे धावली. तिच्या हातून काहीतरी सांडलं, तिची हसण्या-रडण्याची गडबड झाली होती. मी डोळे पुसले आणि कामाला लागले. रामसिंगचा फोन घेतला. कहकशांने सांगितलं होतं की फोनला नवा शब्द शिकवता येतो, त्याच्या शब्दांच्या यादीत एकदा याडी टाकलं की तो हळूहळू ओळखायला लागेल. मी ती जागा शोधत बसले.

"काय करून राह्यली तू?" याडीने विचारलं. तिला कसं कळलं कोण जाणे.

"याच्या फोनले याडी शिकवून राह्यली. म्हंजे उद्यापासून बरोबर म्हनन तो."

ती बाटी, म्हणजे आमची भाकरी, चावत होती. किती दिवसांनी चावत होती ते तिचं तिलाच ठाऊक. दुसरा हात तिने रामसिंगच्या मानेवरून अजून काढला नव्हता.

"राहू दे," ती म्हणाली. "याडी तर तू बी म्हनतं. गाडी म्हननारा माहा एकच हाय."